चुलीचा धूर घरात फिरतोय किंवा शेगडी पेटली की डोकं दुखतंय: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

थंडी सुरू झाली की माझ्याकडे दोन तऱ्हेच्या तक्रारी येतात. पहिली, "धुराडं आहे, तरी धूर घरातच फिरतो." दुसरी, "कोळशाच्या शेगडीला धूर अजिबात नाही, पण सकाळी सगळ्यांचं डोकं जड." मी चुली बांधतो आणि धुराडी दुरुस्त करतो, त्यामुळे बोलावणं बहुतेक पहिल्या तक्रारीसाठी येतं. जिवावर बेतणारी असते ती दुसरी. म्हणून दोन्हींबद्दल लिहितोय. काम फुकटातल्या उपायांपासून सुरू करा. भिंत फोडायची वेळ बहुतेक घरांत येतच नाही.

आधी लक्षणं नीट बघा

धूर केव्हा येतो, यावरून निम्मं निदान होतं. पेटवल्यावर पहिली पाच-दहा मिनिटंच धूर उलटा तोंडावर येत असेल आणि मग चूल सुरळीत लागत असेल, तर धुराडं थंड आहे. दार उघडं असताना ठीक आणि दार लावलं की धूर, असं असेल तर घरात हवा यायला वाट नाही. पूर्वी चांगली ओढ होती आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत हळूहळू कमी झाली, तर आत काजळी बसली आहे. फक्त वारा सुटला की धूर खाली दाबला जात असेल, तर गडबड धुराड्याच्या टोकाशी आहे.

भिंतही बघा. स्वयंपाकघरात कोणत्या उंचीपासून वर भिंत काळी झाली आहे? ही काजळीची रेघ म्हणजे रोजचा धूर कुठवर खाली उतरतो त्याची खूण. रेघ छताजवळ असेल तर चूल बरी चालते आहे. उभ्या माणसाच्या खांद्याशी असेल, तर घरातली बाई उभी राहिली की तिचं डोकं रोज धुरात असतं. दुरुस्ती झाल्यावर तेवढी भिंत चुन्याने पांढरी करून घ्या. महिन्याभरात नवी रेघ कुठे उमटते त्यावरून काम जमलं की नाही ते कळतं.

आता माणसांची लक्षणं. धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, नाक वाहतं. शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने यातलं काहीच होत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो घशालाही लागत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पाय जड होतात, झोप अनावर होते. लोक म्हणतात पित्त झालं असेल, नाहीतर सर्दी भरली असेल. फरक ओळखायच्या खुणा अशा: ताप नाही, घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास होतोय, आणि अंगणात जाऊन बसलं की अर्ध्या-पाऊण तासात उतरतोय. आत गेलं की पुन्हा सुरू. असं दिसलं तर खाली लिहिलेल्या तपासण्या नंतर करा, शेगडी आधी बाहेर काढा.

कोणी गुंगलेलं किंवा बेशुद्ध असेल तर

त्याला आधी बाहेर उघड्यावर आणा. आत जाताना दार सताड उघडा, श्वास रोखून जा, ओढून आणा. आतच बसून पाणी पाजणं, कांदा हुंगवणं हे करू नका, कारण मदतीला गेलेला माणूसही त्याच हवेत आडवा होतो. 108 ला फोन करा. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हे सांगा: "बंद खोलीत कोळशाची शेगडी होती." हे सांगणं गरजेचं आहे, कारण बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजण्याचं साधं यंत्र इथे फसवतं. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि त्या यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असतो आणि यंत्र 98 दाखवतं. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते, आणि उपचार म्हणजे मास्कने शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण एक ते दीड तास. बरं वाटलं तरी गरोदर बाई, लहान मूल आणि थोडा वेळ जरी शुद्ध हरपलेला माणूस, यांना दाखवायलाच हवं. विसरभोळेपणा, चालताना तोल जाणं असे त्रास काही जणांना दोन-तीन आठवड्यांनीही सुरू होतात.

पहिली तपासणी: शेगडी नेमकी कधी आत येते?

फुकटातली आणि सगळ्यांत महत्त्वाची तपासणी ही. आपल्याकडे कोळशाची शेगडी अंगणात पेटवतात, धूर निघून जाईपर्यंत वारा घालतात, आणि निखारे लालबुंद झाले की "आता धूर नाही" म्हणून आत आणतात. अडचण नेमकी इथेच आहे. धूर म्हणजे न जळलेल्या लाकडाचे कण आणि डांबर. ते संपलं की दिसणारं सगळं संपतं. पण निखाऱ्यांच्या ढिगात खालच्या थरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या लाल कोळशांतून जाताना कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतो. निखाऱ्यांवर कधी कधी निळसर ज्योत नाचते ना, तो हाच वायू जळत असतो. ज्योत विझली आणि वर राख धरली, की तो न जळताच खोलीत येतो. आणि आपण शेगडी आत आणतो ती त्याच सुमाराला.

आकड्यांत सांगतो, म्हणजे प्रमाण लक्षात येईल. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण पंचवीस घनमीटर हवा. एक किलो कोळसा शेगडीत जळला तर हात राखून धरलं तरी दीडशे ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड निघतो. म्हणजे दोन ओंजळी, दोनशे ग्रॅम कोळसा जळला की तीस ग्रॅम. खोली खरंच बंद असेल तर हे प्रमाण हजार पीपीएमच्या आसपास जातं. 800 पीपीएमला पाऊण तासात गरगरायला आणि मळमळायला लागतं, आणि दोन-तीन तासांत माणूस दगावू शकतो. झोपलेल्या माणसाला तर मळमळही जाणवत नाही.

"मग खिडकी किलकिली ठेवली तर?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. तोही हिशेब करून बघू. तासाला शंभर ग्रॅम कोळसा जळतोय, म्हणजे पंधरा ग्रॅम वायू. जागतिक आरोग्य संघटनेने एका तासासाठी घातलेली मर्यादा दर घनमीटर हवेत 35 मिलिग्रॅम आहे. तेवढ्यात राहायचं तर तासाला चारशेहून जास्त घनमीटर ताजी हवा लागेल, म्हणजे खोलीतली सगळी हवा तासात सतरा वेळा बदलायला हवी. तेवढी हवा खेळली तर खोली गरमच होणार नाही, मग शेगडी कशाला? म्हणून निजायच्या खोलीत कोळशाची शेगडी सुरक्षित करण्याचा उपाय माझ्याकडे नाही. ती बाहेर ठेवा, एवढंच सांगतो. तंबू, उसतोडीची कोपी, द्राक्षबागेतली राखणीची खोली, ट्रकची केबिन, सगळीकडे हेच. या जागा दहा बाय दहापेक्षा लहान असतात, त्यामुळे हिशेब आणखी वाईट निघतो. बार्बेक्यू संपल्यावर उरलेले निखारे "थोडी ऊब" म्हणून तंबूत घेणं हाही तोच प्रकार.

वायू जड असतो, खाली बसतो, म्हणून खाटेवर झोपलं की चालतं, असं ऐकायला मिळतं. तसं नाही. तो हवेपेक्षा किंचित हलकाच आहे आणि खोलीभर सारखा मिसळतो.

बाळंतिणीच्या खोलीचं वेगळं सांगतो, कारण तिथे शेगडी चुकूनमाकून येत नाही, मुद्दाम ठेवली जाते. बाजेखाली शेगडी, वर ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, दारं-खिडक्या बंद, फटीत गोधडी. वारं लागू नये हा हेतू, आणि त्यामुळे खोली घरातली सगळ्यांत बंद खोली होते. बाळंतीण रक्त कमी झालेली, बाळ काही दिवसांचं, आणि ते दोघंच चोवीस तास त्या हवेत. आजीशी वाद घालून हे सुटत नाही. शेक नको असं मी म्हणतच नाही. शेक शेगडीचाच हवा असेल तर तवा बाहेर पडवीत तापवा, त्यावर कापड गरम करा आणि कापड आत न्या. उबेसाठी गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून अंथरुणात आधी फिरवा, आणि बाळ ठेवण्यापूर्वी काढून घ्या. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वरून पांघरूण घातलं, तर त्याची ऊब शेगडीपेक्षा चांगली टिकते. धुरीने मात्र बाळाच्या छातीचं काहीही भलं होत नाही, ती सोडूनच द्या.

इथून पुढचं सगळं लाकडाच्या चुलीबद्दल आहे.

दुसरी तपासणी: अगरबत्ती

दुरुस्तीला गेलो की मी आधी हातोडी काढत नाही, अगरबत्ती पेटवतो. चूल विझलेली आणि थंड असू द्या. अगरबत्ती चुलीच्या तोंडाशी धरा. धुराची रेघ आत ओढली गेली तर धुराडं चालू आहे. रेघ सरळ वर गेली तर ओढ नाही. ती तुमच्या अंगावर आली तर हवा धुराड्यातून खाली उतरते आहे.

मग एकेक बदल करत तीच तपासणी पुन्हा करा: सगळी दारं उघडी ठेवून, मग दारं-खिडक्या लावून, मग एक्झॉस्ट पंखा चालू करून. वैलावर भांडं नसताना आणि असताना दोन्ही बघा. कितीतरी घरांत वैलाचं भोक उघडंच असतं, आणि धुराड्याची ओढ चुलीऐवजी तिथून खोलीची हवा खेचत असते. वैल वापरात नसेल तेव्हा त्यावर पाण्याचं भांडं ठेवा, पाणीही गरम होतं.

नुसतं थंडपणामुळे धूर उलटा येत असेल, तर चूल पेटवण्याआधी धुराड्याच्या बुडाशी, वैलातून आत, कागदाचा किंवा पाचटाचा एक बोळा पेटवून सरकवा. मिनिटभरात नळीतली हवा तापते आणि ओढ सुरू होते. मग चूल पेटवा. भिंतीबाहेरून गेलेल्या धुराड्याला थंडीत हे रोज करावं लागतं, त्याला इलाज नाही.

तिसरी: लाकूड

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं. आच आधी ते पाणी उकळवण्यात जाते, जाळ थंड पडतो, आणि धूर व कार्बन मोनॉक्साइड दोन्ही वाढतात. शिवाय धुराड्यात जाणारी हवा गार राहते, त्यामुळे ओढही कमी. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. सुक्या लाकडाचा आवाज टणक येतो, ओल्याचा भदभद. सुक्याच्या टोकाला चिरा पडलेल्या असतात आणि साल सहज सुटते. पावसाळ्यात भिजलेली लाकडं चुलीशेजारी दोन दिवस वाळवली तरी फरक पडतो. फक्त ती चुलीच्या तोंडाशी रचू नका, नाहीतर हवेची वाट बुजते. प्लास्टिकच्या पिशव्या, टायरचे तुकडे, रंग दिलेलं फर्निचर हे पेटवणासाठीही नको. त्याचा धूर वेगळ्याच जातीचा विषारी असतो.

आणि फुंकणी. सतत फुंकावं लागत असेल तर ते चुलीचंच दुखणं आहे. बहुतेक वेळा राख साठून खालची हवा बंद झालेली असते. रोज राख काढा. लाकडं एकदम कोंबू नका, दोन-तीनच पण पुढे सरकवत राहा.

चौथी: धुराड्याची सफाई

घरोघरी चार इंची नळी असते. आत अर्ध्या इंचाचा थर बसला तर चार इंचाचं भोक तीन इंचाचं होतं, आणि वाट जवळपास निम्मी राहते. रोजच्या चुलीला महिन्यातून एकदा सफाई हवी, ओलं लाकूड वापरत असाल तर पंधरा दिवसांनी. लांब दोरीच्या मध्यावर गोणपाटाचा बोळा बांधायचा, दोरी वरून सोडायची, खालून एकाने धरायची आणि वर-खाली ओढायचं. चूल पूर्ण थंड असताना, तोंडाला फडकं बांधून. पत्र्यावर किंवा कौलांवर चढायची सवय नसेल तर चढू नका, टोपी काढायला सवयीचा माणूस बोलवा.

काजळी कोरडी, भुरभुरीत निघाली तर ठीक. चकचकीत, डांबरासारखी चिकट निघाली तर लाकूड ओलं आहे, आणि ते डांबर पेट घेऊ शकतं. धुराड्यातून घरघर आवाज आणि वरून ठिणग्या येणं ही त्याची खूण. तेव्हा चुलीचं तोंड आणि वैल झाकून हवा तोडा, सगळ्यांना बाहेर काढा. अग्निशमन दलासाठी 101 किंवा 112. तापलेल्या नळीत वरून पाणी ओतू नका, ती तडकते.

जुन्या निर्धूर चुलींना सिमेंटचे पाइप आहेत, त्यांत बहुधा अॅस्बेस्टॉस असतं. ते कापू, घासू किंवा छेदू नका. गोणपाटाने हलकेच पुसायचं, तारेचा ब्रश नाही.

पाचवी: हवा आत येते कुठून?

बिघाड सगळ्यांत जास्त इथेच सापडतो, आणि इथेच कोणी बघत नाही. धुराडं हवा बाहेर टाकतं, म्हणजे तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी. एक किलो सुकं लाकूड जळायला किमान चार-पाच घनमीटर हवा लागते, प्रत्यक्षात चूल त्याच्या दुप्पट किंवा अधिक ओढते. जुन्या घरात हा प्रश्न नव्हता. मंगलोरी कौलांच्या फटी, माळवदाचं साणं, दाराखालची दोन बोटं जागा, सगळीकडून हवा खेळायची. आता कौलं जाऊन स्लॅब आला, लाकडी झडपांच्या जागी सरकत्या काचा आल्या, चूल मात्र तीच राहिली.

मुळशीच्या वरच्या अंगाला एका घरात असंच झालं होतं. स्वयंपाकघर दहा बाय बारा, वर स्लॅब, चार इंची नळी मागच्या भिंतीतून कोपर देऊन बाहेर काढलेली. तक्रार अशी की सकाळी धूर नाही, संध्याकाळी डोळे उघडवत नाहीत. धुराडं बदलायचं म्हणून मला बोलावलं होतं. अगरबत्ती लावली. दार उघडं असताना रेघ चुलीत जात होती. दार लावलं, रेघ थबकली. भिंतीतला नऊ इंची पंखा लावला आणि चुलीतली राख उडून पायांवर आली. पंख्याला हवा हवी होती, खोली बंद होती, म्हणून तो धुराड्यातूनच हवा खाली खेचत होता. सकाळी झाडलोट, गोठ्याची ये-जा, त्यामुळे दारं उघडी. संध्याकाळी थंडी आणि डास, म्हणून दारं बंद आणि "धूर जावा" म्हणून पंखा चालू. चुलीपुढे बसलेल्या आजी म्हणाल्या, "पंखा बसवल्यापासनं धूर वाढलाय, म्या सांगत होते. पर ऐकतंय कोण!"

उपाय दोन केले. धुराड्याची चूल पेटलेली असताना पंखा बंद ठेवायचा, हा पहिला. दुसरा, चुलीशेजारच्या बाहेरच्या भिंतीत जमिनीपासून वीतभर उंचीवर चार इंची पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे बसवले. हिशेब सोपा आहे. चार इंची धुराड्याचं भोक साडेबारा चौरस इंच, आत येणाऱ्या हवेला त्याच्या दुप्पट वाट द्यायची, म्हणजे पंचवीस. पाइपला बाहेरून खाली तोंड केलेलं कोपर लावलं, म्हणजे पाऊस आणि थेट वारा आत येत नाही. जाळी मात्र पाव इंची तारेची घ्या, उंदीर थांबण्यापुरती. डासांची बारीक जाळी लावली तर धूळ आणि काजळीने ती महिन्यात बुजते आणि पुन्हा तोच खेळ. भोक चुलीजवळ खाली ठेवायचं कारण असं की गार हवा थेट जाळाकडे जाते, बसलेल्या माणसांच्या पाठीवर येत नाही. लोक भोक बुजवतात ते पाठीला गार लागतं म्हणूनच.

दार लावून पुन्हा अगरबत्ती धरली तेव्हा रेघ आत जात होती, पण सावकाश. म्हणून भिंतीबाहेरचं कोपर काढलं, तर आत काजळी ठासून पाच रुपयांच्या नाण्याएवढंच भोक उरलेलं. काटकोनी कोपरात हे होणारच. त्याच्या जागी टी बसवली आणि खालच्या तोंडाला झाकण. आता झाकण काढलं की काजळी खाली पडते. धुराडं बदलावं लागलंच नाही.

सहावी: धुराडंच नसेल तर

सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे चूल पडवीत हलवणं, जिथे दोन बाजूंना कमरेएवढीच भिंत असेल. तसं जमत नसेल तर एक वाट खाली आणि एक वर, शक्यतो समोरासमोरच्या भिंतींत. गार हवा खालून येते, गरम धूर वरून जातो. दोन्ही खिडक्या एकाच उंचीवर असतील तर त्यांच्या वरचा धूर छताखाली कोंडून राहतो. वरची वाट छताला लागून असावी. खिडकीच्या वर दीड-दोन फूट भिंत असेल तर तेवढ्या उंचीचा धुराचा थर कायमचाच समजा. अशा चुलीला पंखा उपयोगी पडतो, पण छतालगत आणि खाली हवेची वाट ठेवूनच. पात्यांवर काजळी चढते, ती पुसत राहावी लागते.

पत्र्याचा हूड बनवून घेणार असाल तर तो चुलीपेक्षा सगळीकडून वीतभर मोठा हवा, आणि खालची कड भांडी हलवता येतील इतपतच उंच. उंच टांगलेला हूड शोभेचा होतो, धूर बाजूने निसटतो. नळी सहा इंचांहून लहान नको, कारण हूड धुराबरोबर खोलीची बरीच हवा ओढतो.

सातवी: धुराड्याचं टोक

वाऱ्यामुळेच धूर उलटत असेल तर बाहेर जाऊन टोक बघा. नळी छपराच्या वर किमान तीन फूट आणि दहा फुटांच्या आतल्या आढ्यापेक्षा किंवा शेजारच्या भिंतीपेक्षा दोन फूट उंच हवी. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला संपलेलं धुराडं मी नेहमी बघतो. टाकी नंतर येते, धुराड्याचा विचार कोणी करत नाही. वरची टोपी नळीच्या तोंडाला चिकटलेली नसावी, मध्ये नळीच्या रुंदीएवढी तरी जागा हवी. उंची वाढवली तर नळीला तारेचे ताण द्या, पहिल्या वळवाच्या पावसात ती पडते.

अलार्म

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो. धुराचा अलार्म वेगळा, तो चुलीपाशी दिवसभर कोकलत राहील. घेताना त्यावर `EN 50291` छापलेलं आहे का आणि मुदत कधी संपते ते बघा, आतला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो. निजायच्या खोलीत उशाच्या उंचीला लावा, स्वयंपाकघरात चुलीपासून एक ते तीन मीटरवर. या मानकाचा अलार्म 50 पीपीएमला तास-दीड तासाने वाजतो आणि 300 ला तीन मिनिटांच्या आत, त्यामुळे लगेच वाजला नाही म्हणजे बिघडला असं नाही. पण अलार्म आहे म्हणून शेगडी आत, हा हिशेब चालणार नाही. सततच्या कमी प्रमाणाला तो गप्प बसतो, आणि गरोदर बाईला तेही घातक आहे.

कुठे थांबायचं

अगरबत्ती, लाकूड, राख, सफाई, दाराखालची फट, एवढं कोणीही करू शकतं. पुढच्या गोष्टींत स्वतः हात घालू नका. स्लॅब किंवा बीममधून भोक पाडायचं असेल तर अनुभवी गवंडी आणि शक्य असेल तर अभियंता, कारण आतली सळई तुटली तर धुराड्यापेक्षा मोठं काम निघतं. नळी लाकडी वाशाला, गवताला किंवा वायरिंगला लागून जात असेल तर चूल आजपासून बंद, आणि नळीभोवती मोकळी जागा व न जळणारी बाही बसवणारा कारागीर बोलवा. तडकलेला सिमेंटचा पाइप, धुराड्यात एकदा लागून गेलेली आग, इमारतीच्या सामायिक डक्टमध्ये सोडलेली नळी, यांनाही हेच लागू. सगळ्या तपासण्या करूनही दार लावल्यावर अगरबत्तीचा धूर अंगावरच येत असेल तर चुलीचं मापच चुकलेलं आहे. ती फोडून निर्धूर चूल बांधणाऱ्याकडून नव्याने बांधून घ्यावी लागते, आणि तोवर स्वयंपाक पडवीत.